जमा झालेले पैसे आणि उरलेले पैसे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. हळदीकुंकवात दोन उखाणे घेतले एवढाच माझा सभेचा अनुभव. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "भिशीच्या दिवशी तुम्ही गाऊनचा हिशेब सांगितलात ना, तोच जसाच्या तसा सांगा." म्हणून उभी राहिले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. बेरीज, वजाबाकी आणि शेकडेवारी सातवीपर्यंत शिकवतात, आणि आज मी जे सांगणार आहे त्याला त्यापुढचे काही लागत नाही. मात्र डोळ्यांत तेल घालून बघावे लागते, आणि तेच मी पहिले आठ महिने केले नाही.

आपल्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे की मी घरी सुती गाऊन करून इंटरनेटवरच्या एका मोठ्या बाजारात विकते. कापड इचलकरंजीचे आणते, कापणी मी करते आणि शिवण माझी धाकटी जाऊ करते. एका गाऊनामागे मी तिला शिलाईचे ६० रुपये देत असे. गेल्या वर्षी ती एके दिवशी हातातले काम खाली ठेवून म्हणाली, "ताई, बाहेर पंच्याहत्तर देतात. तुम्ही मला वाढवून द्याल का?" मी मनातल्या मनात हिशेब केला. गाऊन ४९९ ला जातो. कापड पावणेतीन मीटर, ६० रुपये मीटरने १६५ रुपये. लेस, बटणे, दोरा मिळून १२. शिलाई ६०. पिशवी आणि वर चिकटवायची पट्टी ७. झाले २४४. बाजाराचे कमिशन शेकडा १२, म्हणजे साठ रुपये. उरले १९५. महिन्याला पन्नास गाऊन जातात, म्हणजे पावणेदहा हजार रुपये. यातून जावेला पंधरा रुपये जास्त द्यायला माझे काय जाते? "देते" हा शब्द अगदी ओठांवर आला होता.

पण मग बँकेचे पुस्तक बघितले. पावणेदहा हजार साठले असते, तर कापडवाल्याची उधारी अजून का बाकी होती? मी काही चैन केली नव्हती. जावेला म्हटले, "मला आठ दिवस दे." रात्री पुतणीला बोलावले. ती शिकलेली आहे, मोबाईल तिच्या बोटांत खेळतो. तिने बाजाराच्या विक्रेत्यांच्या पानावर जाऊन एका ऑर्डरचा जमाखर्च उघडला, त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि माझ्या मोबाईलवर पाठवला. म्हणाली, "काकू, आता हे चित्र समोर ठेवा आणि वहीत एकेक ओळ उतरवा."

प्रथम त्या चित्रात दोनच आकडे दिसत होते. वर विक्री ४९९ आणि खाली जमा ३३१ रुपये ५६ पैसे. मधल्या वजावटी एका ओळीत गुंडाळून ठेवलेल्या होत्या. त्या ओळीच्या कडेला एक बारीक बाण असतो, तो दाबला की घडी उलगडते. बाण न दाबता काढलेला स्क्रीनशॉट हिशेबाला निरुपयोगी आहे, हे पहिले शिकले. दुसरे असे की त्याच पानावर वर कोपऱ्यात ही रक्कम अंदाजे आहे की प्रत्यक्ष चुकती झाली आहे, हे लिहिलेले असते. माल पोचण्यापूर्वी बाजार फक्त अंदाज दाखवतो. मी कितीतरी दिवस अंदाजाचे आकडे खरे धरून बसले होते.

घडी उलगडल्यावर चार ओळी निघाल्या. कमिशन ५९ रुपये ८८ पैसे, हे मला ठाऊक होते. ठरावीक शुल्क १५ रुपये, हे ठाऊक नव्हते; माल कितीचाही असो, किमतीच्या पायरीप्रमाणे प्रत्येक ऑर्डरीला ते लागते. पाठवणीचे ६५ रुपये. आणि या तिन्हींच्या बेरजेवर, म्हणजे १३९ रुपये ८८ पैशांवर, शेकडा १८ प्रमाणे जीएसटी, २५ रुपये १८ पैसे. एकूण १६५ रुपये ६ पैसे. मी गिऱ्हाइकाला "पाठवणी मोफत" असे लिहून देत होते. मोफत गिऱ्हाइकाला होती, माझ्या पदरातून ६५ आणि वर जीएसटी जात होता.

सर्वांत खाली टीसीएस म्हणून २ रुपये ३८ पैसे कापलेले होते. हा खर्च नव्हे. बाजार आपल्या विक्रीवर सरकारसाठी थोडा कर आधीच कापून भरतो. १० जुलै २०२४ पासून त्याचा दर अर्धा टक्का आहे, आणि तो कर वगळून राहिलेल्या किमतीवर लागतो. जीएसटीच्या खात्यावर जाऊन ती रक्कम मान्य केली की ती आपल्या नावे जमा होते. आठ महिन्यांचे माझे तसेच पडून होते, कारण मान्य करावे लागते हेच मला माहीत नव्हते. म्हणून मी हिशेबात ही रक्कम परत मिळवते. ३३१ रुपये ५६ पैसे आणि २ रुपये ३८ पैसे मिळून ३३३ रुपये ९४ पैसे, आपण ३३४ धरू.

इथे एक गाठ आहे, ती सोडवून सांगते. गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या ४९९ मध्ये पाच टक्के जीएसटी आत धरलेला असतो. तो पाच टक्क्यांनी काढताना ४९९ चे पाच टक्के करायचे नाहीत, ४९९ ला १०५ ने भागून १०० ने गुणायचे. येतात ४७५ रुपये २४ पैसे, आणि कर २३ रुपये ७६ पैसे. हा कर सरकारचा. मग ३३४ मधून तो वजा करायचा का? मी नोंदणी केलेली असल्यामुळे बाजाराने शुल्कावर माझ्याकडून जो २५ रुपये १८ पैसे जीएसटी घेतला, तो मला देण्याच्या करात वळता करता येतो. दोन्ही एकमेकांत फिटतात, वर रुपया-दीड रुपया माझ्या खात्यात नुसता पडून राहतो. तो मी पैसे म्हणून मोजत नाही. कापडावर भरलेला करही तसाच पडून राहतो, म्हणून कापडाची किंमत मी करासकट धरते. खात्यातल्या आकड्याने कापडवाल्याची उधारी फिटत नाही.

ज्या भगिनींची नोंदणी नाही त्यांनाही १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा बाजारात विकता येते, वर्षाची विक्री चाळीस लाखांच्या आत असेल तर. त्यांनी पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा असतो आणि माल आपल्याच राज्यात विकायचा. त्यांना गिऱ्हाइकाचा कर द्यायचा नाही, पण शुल्कावरचा जीएसटी पुरता अंगावर पडतो. ४९९ वजा १६५, म्हणजे पुन्हा ३३४ च! मी दोनदा ताळा केला. या किमतीला दोघींच्या हाती एकच रक्कम येते. नोंदणीचा फायदा एवढाच की माझा गाऊन बंगलोर-इंदूरला जातो, आणि त्यासाठी विवरणपत्रे भरणाऱ्या सल्लागाराला महिन्याला ५०० रुपये द्यावे लागतात. हे पाचशे त्या चित्रात कुठेच दिसत नाहीत, म्हणून वहीत वेगळे लिहून ठेवायचे.

असो. ३३४ मधून आपला खर्च २४४ गेला. उरले ९०. माझ्या मनातले १९५ कुठे आणि हे ९० कुठे! त्या रात्री मला झोप लागली नाही. पण सकाळी पुतणी म्हणाली, "काकू, हा नव्वदसुद्धा खरा नाही. हा गाऊन गिऱ्हाइकाने ठेवून घेतला आहे. परत आलेल्यांचे काय?"

परतीचे दोन प्रकार असतात, आणि त्यांची खिचडी केली की हिशेब बिघडतो. एकात गिऱ्हाईक घरीच सापडत नाही किंवा दारात घेत नाही आणि पार्सल तसेच मागे येते. पानावर त्याला आरटीओ म्हणतात. मला आधी वाटले मोटारींच्या कचेरीचे काही लफडे झाले. माझ्या बाजारात या प्रकाराला शुल्क लागत नाही, ओळीत शून्य दिसते. जाते ती पिशवी, आणि माल पंधरा-वीस दिवस रस्त्यात अडकून राहतो. दुसरा प्रकार म्हणजे गिऱ्हाइकाने घेतले, घालून पाहिले आणि परत दिले. हा महाग.

एका परत आलेल्या गाऊनाचा स्क्रीनशॉट आम्ही काढला. त्यावर उणे ५०२ रुपये ६६ पैसे. मला घामच फुटला. वस्तू ४९९ ची आणि कापले पाचशे दोन? पण पुतणीने त्याच ऑर्डरीचा क्रमांक टाकून आधीच्या पंधरवड्यातले पान काढले. तिथे त्याच गाऊनाचे ३३१ रुपये ५६ पैसे जमा झालेले होते. म्हणजे एका ऑर्डरीची दोन चित्रे, दोन तारखांची. दोन्हींची बेरीज केली तेव्हा खरे कळले: उणे १७१ रुपये १० पैसे. कमिशन आणि ठरावीक शुल्क बाजाराने परत दिले होते. जाण्याचे ६५ मात्र परत दिले नाहीत, येण्याचे ८० वर लावले, आणि त्या १४५ वर १८ टक्के. तेवढाच आकडा येतो. या जीएसटीची वळतीही कामाची नाही, कारण वळती करायला माझ्याकडे देण्याचा कर उरलेलाच नसतो.

तेव्हापासून मी ऑर्डरीचा क्रमांक वहीच्या पहिल्या रकान्यात लिहिते आणि महिना विक्रीच्या तारखेने धरते, पैसे आल्याच्या तारखेने नव्हे. पैशाच्या तारखेने धरले की चालू महिना गोड दिसतो आणि त्याच्या परती पुढच्या महिन्याला कडू करतात. बँकेत रक्कम येते ती पंधरा-वीस ऑर्डरींची एकत्र, म्हणून बँकेच्या पुस्तकावरून एका वस्तूचा नफा कधीच कळणार नाही. वहीतल्या त्या ऑर्डरींची बेरीज मात्र बँकेच्या रकमेशी पैशापर्यंत जुळली पाहिजे. माझी एकदा जुळली नाही, २४० रुपये कमी होते. ते जाहिरातीचे निघाले. पुतण्याने हौसेने जाहिरात लावून दिली होती, आणि तिचे पैसे ऑर्डरीच्या पानावर न दिसता एकूण रकमेतून परस्पर कापले जात. जाहिरात बंद केली. विक्रीत मला काही फरक दिसला नाही.

मग आम्ही एक महिना पुरता मांडला. गेले ५० गाऊन. त्यातले ५ दारातून मागे आले. पोचले ४५. त्यातले ७ गिऱ्हाइकांनी परत दिले. राहिले ३८. या ३८ चे नव्वदप्रमाणे ३,४२० रुपये. सात परतींचे १७१ प्रमाणे १,१९७ गेले. मागे आलेल्या बाराही गाऊनांना नव्या पिशव्या, ८४ रुपये. सातांतले दोन गाऊन पुन्हा विकण्यासारखे नव्हते. एकाला हळदीचा डाग आणि एक चक्क धुऊन पाठवलेला. ते आमच्या वाड्यात शंभर-शंभरला दिले, म्हणजे पिशवी सोडून २३७ खर्चाच्या वस्तूवर १३७ तोटा, दोघांचा २७४. उरले १,८६५. सल्लागाराचे ५०० गेले. उरले १,३६५ रुपये. अडतिसांनी भागले, तर गाऊनामागे ३६ रुपये.

छत्तीस! यात माझी कापणी, इस्त्री, घडी आणि पोस्टमनची वाट बघणे याचे एक पैसाही धरलेला नाही. आणि मी जावेला पंधरा रुपये वाढवून द्यायला निघाले होते. तसे केले असते तर महिनाभर राबून गाऊनामागे एकवीस रुपये हाती आले असते, आणि मी मात्र पावणेदहा हजारांच्या भ्रमात दिवाळीसाठी आणखी दोन गठ्ठे कापड उधारीवर आणले असते. मंडळाच्या निधीतून वीस हजार मागण्याचा अर्ज मी लिहूनही ठेवला होता, हे आज इथे सांगून टाकते. तो अर्ज मी फाडला.

एक परत आलेला गाऊन १७१ आणि पिशवीचे ७, म्हणजे १७८ रुपये खातो. ठेवून घेतलेल्या दोन गाऊनांचा नफा १८०. पोचलेल्या तिनांत एक परत आला तर काहीच उरत नाही, हे साधे गणित आहे. म्हणून किंमत वाढवण्याआधी परती का येतात ते बघायचे ठरवले. परतीच्या प्रत्येक ओळीत गिऱ्हाइकाने दिलेले कारण असते. सातांपैकी पाच जणींनी माप बसत नाही असे दिले होते. चूक माझीच होती. मी "फ्री साइज" असे लिहिले होते. आमच्याकडे फ्री साइज म्हणजे माझ्या अंगाला येते ते! आता टेप लावलेले छायाचित्र टाकते. छातीचा पूर्ण घेर किती इंच, खांद्यापासून खाली लांबी किती इंच, शिवाय धुतल्यावर इंचभर आटते हेही स्पष्ट लिहिते. आटण्याचे लिहू नका असे काही जणी म्हणाल्या. पण न लिहिण्याची किंमत १७८ रुपये आहे.

वही भरताना आणखी एक गोष्ट सापडली. काही ऑर्डरींना पाठवणी ६५ च्या जागी ९२ लागली होती. जीएसटी धरून ३२ रुपये जास्त, नव्वदातले बत्तीस. मी तक्रार करायला निघाले होते, कारण गाऊन काट्यावर जेमतेम ३८० ग्रॅम भरतो आणि अर्ध्या किलोपर्यंत ६५ चाच दर आहे. पण नियम वाचला तेव्हा कळले की काट्याचे वजन आणि आकाराचे वजन यांतले जे जास्त ते धरतात. आकाराचे वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५,००० ने भागायचे, की किलो येतात. घडी चुरगळू नये म्हणून मी त्या पार्सलांत पुठ्ठा घालत होते. पिशवी ३० बाय २५ बाय ४ झाली होती. गुणाकार ३,०००, भागाकार ०.६, म्हणजे सहाशे ग्रॅम. पुठ्ठा काढला, घडी बदलली, २८ बाय २२ बाय ३ मध्ये बसवली. गुणाकार १,८४८, म्हणजे ३७० ग्रॅम. आता ९२ लागत नाहीत. तरी पार्सल काट्यावर आणि टेपसह ठेवून एक छायाचित्र काढून ठेवते. उद्या खरोखरच चुकीचे वजन लावले तर दाखवायला पुरावा हवा, आणि तक्रारीची मुदत थोड्या दिवसांची असते.

दुसऱ्या महिन्याचा हिशेब असा आला. गेले ४८, दारातून मागे ४, पोचले ४४, परत ३, राहिले ४१. नव्वदप्रमाणे ३,६९०. परतींचे ५१३ आणि सात पिशव्यांचे ४९ गेले. डागाळलेला एकही आला नाही. राहिले ३,१२८, सल्लागाराचे जाऊन २,६२८. गाऊनामागे ६४ रुपये. एका महिन्यावर फार विसंबू नये, हे मलाही कळते. लग्नसराईत परती वाढतात, आणि बाजार आपले दर मधूनच बदलतो. म्हणून दर महिन्याला एक नवा स्क्रीनशॉट काढून चारही ओळी जुन्या ओळींशी ताडून बघते.

आठ दिवस मागितले होते, त्याचे दोन महिने झाले. जावेला स्वयंपाकघरात बसवले, वही तिच्यापुढे ठेवली आणि सगळ्या ओळी वाचून दाखवल्या. तिने उणे एकशे एकाहत्तरावर बोट ठेवून विचारले, "ताई, हे सगळे तुमच्या अंगावर पडते?" म्हटले, "हो." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग मीच म्हणाले, "पंच्याहत्तर आज झेपत नाहीत. सत्तर देते. खांद्याची शिवण उसवल्याचे कारण देऊन एकही परत आला नाही, ते तुझ्या हाताचे आहे." ती हो म्हणाली. आता माझे ५४ उरतात. परवा तीच मला सांगत होती की छातीच्या मापात दोन ठेवणी करू या, चव्वेचाळीस आणि अठ्ठेचाळीस, म्हणजे उरलेल्या परतीही कमी होतील. अठ्ठेचाळीसला पाव मीटर कापड जास्त लागते, म्हणजे १५ रुपये. त्याची किंमत वेगळी ठेवावी की एकच, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.

ज्या भगिनींना आपला हिशेब बघायचा असेल त्यांनी गुरुवारी दुपारी मंडळात बाण दाबून काढलेला स्क्रीनशॉट आणि एक वही घेऊन यावे. ज्यांच्याकडे परतीचा असेल त्यांनी त्याच ऑर्डरीचे दोन्ही आणावेत.